चार मुलं, चार कामं, चार तासिका

एका टेबलाभोवती चार मुलगे बसले आहेत. दोघे गोरे, दोघे काळे. समोर पटावरचा एक खेळ आहे: यान चंद्रावर पोचवायचं, वाटा अनेक, आणि दर वेळी कुठल्या वाटेने जायचं हे चौघांनी मिळून ठरवायचं. खेळाचं नाव ‘शूट द मून’. खेळ चौघांनाही नवा आहे, त्यामुळे यात कोण हुशार आणि कोण कच्चा हे ठरवायला कुणाकडेच काही आधार नाही. तरीही गोरे मुलगे आधी बोलतात, जास्त बोलतात, आणि बहुतेक वेळा त्यांनी सुचवलेली वाटच पक्की होते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी १९७२ च्या सुमारास हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी तिथल्या शाळांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका वर्गात आणण्याचे प्रयत्न चालू होते. एका बाकावर बसवलं की मुलं आपोआप बरोबरीने वागतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. कोहेन यांनी दाखवून दिलं की मुलं गटात बसतात तेव्हा बाहेरच्या जगातली पतही सोबत घेऊन येतात. ज्याची पत जास्त, त्याला जास्त कळतं असं सगळेच धरून चालतात. ज्याची पत कमी, तोही तेच धरून चालतो आणि गप्प राहतो.

यावर उपाय म्हणून कोहेन आणि त्यांच्या सहकारी सुसान रोपर यांनी एक प्रयोग केला. त्यांनी आधी काळ्या मुलांना ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायला शिकवलं आणि मग तो कसा जोडायचा हे गोऱ्या मुलांना शिकवायला लावलं. त्यानंतर हीच मुलं खेळायला बसली, तेव्हा गटातला तोल बराच सुधारला. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. मागे पडणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास वाढवून भागत नाही. त्यांच्याकडून काही शिकण्यासारखं आहे, हे बाकीच्यांनाही प्रत्यक्ष अनुभवावं लागतं.

आपल्या वर्गात पत ठरते कशी?

आपल्याकडच्या कुठल्याही सातवीच्या वर्गात गटकार्य सुरू झालं की हेच चित्र वेगळ्या रंगात दिसतं. इथे पत ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: वाचन किती सफाईने येतं, मागच्या परीक्षेत गुण किती मिळाले, घरची बोली पुस्तकातल्या मराठीच्या किती जवळची आहे, घर वस्तीच्या कुठल्या भागात आहे. गटप्रमुख जूनमध्ये नेमला जातो आणि एप्रिलपर्यंत तोच राहतो. ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून लिहिण्याचं काम मुलीकडे जातं आणि चंचुपात्र, वजनकाटा, भिंग मुलग्यांच्या हातात राहतं. शेवटी ‘गटातून एकाने सांगा’ म्हटलं की दर वेळी तोच हात वर येतो.

बत्तीस मुलांच्या वर्गात चार-चारचे आठ गट केले आणि प्रत्येक गटातून दर वेळी तोच एक जण उभा राहिला, तर चार उपक्रमांनंतरही वर्गासमोर बोललेली मुलं आठच. उरलेली चोवीस मुलं गटात बसलेली असतात, पण त्यांचं बसणं आणि शिकणं यांत बरंच अंतर राहतं.

हे अंतर किती महाग पडतं, हेही कोहेन यांच्या गटाने तपासलं. कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक वर्गांमध्ये ‘फाइंडिंग आउट’ नावाचा विज्ञान-गणिताचा कार्यक्रम चालत असे. वर्गात काही मुलं इंग्रजी बोलणारी, काही स्पॅनिश बोलणारी, काहींना दोन्ही भाषा येणाऱ्या. उपक्रमाची कार्डं दोन्ही भाषांत आणि चित्रांसह असत, आणि प्रत्येक मुलाला स्वतःची कार्यपत्रिकाही भरावी लागे. या वर्गांच्या निरीक्षणातून दिसलं की जी मुलं कामाविषयी एकमेकांशी जास्त बोलतात, ती जास्त शिकतात. कमी पत असलेली मुलं कमी बोलतात, म्हणून कमी शिकतात, आणि म्हणून त्यांची पत आणखी घसरते. आणखी एक गोष्ट दिसली: शिक्षक गटाजवळ येऊन समजावू लागले की मुलांचं आपापसातलं बोलणं कमी होतं.

गटातली कामं वाटून देण्याची आणि ती फिरती ठेवण्याची गरज इथून येते. शिक्षकांनी गटापासून चार पावलं लांब राहायचं, तर एरवी ते स्वतः करतात ती कामं कुणीतरी करायला हवीत. सूचना वाचणं, साहित्य आणणं, वेळेकडे लक्ष ठेवणं, शेवटी काय कळलं ते सांगणं ही ती कामं. ती मुलांकडे गेली की गट स्वतःच्या पायावर चालतो. ती फिरती राहिली की कुठलंही काम कुणा एकाच्या मालकीचं होत नाही.

चार कामं आणि त्यांची फेरी

चौघांच्या गटाला चार कामं पुरतात. वाचक उपक्रमाचं कार्ड मोठ्याने वाचतो आणि सगळ्यांना समजलं का ते विचारतो. साहित्यप्रमुख सामान आणतो, मोजून वाटतो, शेवटी धुऊन जागेवर ठेवतो. टाइमकीपर प्रत्येक टप्प्याला किती वेळ उरला ते सांगतो. सादरकर्ता शेवटी गटाचं म्हणणं वर्गापुढे मांडतो. लिहिण्याचं काम मुद्दामच कुणा एकाला दिलेलं नाही. निरीक्षणं आणि निष्कर्ष प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहायचे, नाहीतर विचार करण्याची जबाबदारीही लेखनिकाबरोबर एकाच्या गळ्यात पडते.

प्रत्येक मुलाला एक ते चार यांपैकी एक क्रमांक मिळतो आणि तो चारही उपक्रम संपेपर्यंत बदलत नाही. कामं मात्र सरकतात. पहिल्या उपक्रमात १ वाचक, २ साहित्यप्रमुख, ३ टाइमकीपर, ४ सादरकर्ता. पुढच्या उपक्रमात प्रत्येक जण एक घर पुढे जातो: वाचक साहित्यप्रमुख होतो, साहित्यप्रमुख टाइमकीपर, टाइमकीपर सादरकर्ता आणि सादरकर्ता वाचक. चार उपक्रमांत फेरी पूर्ण होते आणि बत्तीसच्या बत्तीस मुलं एकेकदा वर्गापुढे उभी राहतात. यासाठी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या टाचणीने एकमेकींवर बसवल्या की पुरे. बाहेरच्या चकतीवर क्रमांक, आतल्या चकतीवर कामं. दर उपक्रमाला आतली चकती एक घर फिरवायची.

कामांच्या या क्रमाचा उपयोग करून घेता येतो. ज्याला चारचौघांत बोलायची फार भीती वाटते, त्याला १ क्रमांक दिला तर सादरीकरण चौथ्या उपक्रमात येतं. तोवर त्याने गटातल्या तिघांना ते करताना पाहिलेलं असतं. ज्याचं वाचन अडखळतं, त्याला २ क्रमांक दिला तर वाचन शेवटी येतं. एवढे एक-दोन अपवाद सोडले तर क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्यावेत. सगळ्या हुशार मुलांना ४ क्रमांक मिळाला, तर मुलांना त्याचा अर्थ दुसऱ्याच दिवशी कळतो आणि जी उतरंड मोडायची होती तिलाच क्रमांक लागतात.

मातीच्या तीन बाटल्या

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसेल, ते एका उदाहरणातून पाहता येईल. समजा, सातवीचा वर्ग आहे, तासिका ३५ मिनिटांची, आणि विषय आहे मातीतून पाणी झिरपण्याचा. प्रत्येक गटाला प्लास्टिकच्या तीन कापलेल्या बाटल्या दिल्या आहेत. बाटलीचा वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवलेला, तोंडाला फडक्याचा तुकडा बांधलेला. एकीत रेताड माती, दुसरीत पोयटा, तिसरीत चिकणमाती, तिन्हींत एकेक वाटी. प्रत्येकीत १०० मिलिलीटर पाणी ओतायचं आणि दहा मिनिटांनी खाली किती उतरलं ते मोजायचं.

वेळेची वाटणी कार्डावरच छापलेली आहे: वाचन ३ मिनिटं, मांडणी ५, प्रयोग १२, चर्चा आणि वहीत लेखन ७, सादरीकरण ८. शेवटच्या आठ मिनिटांत प्रत्येक गटाला एकच मिनिट मिळतं. म्हणून नियम असा, की पहिल्या गटाने पूर्ण सांगायचं आणि पुढच्यांनी फक्त आपलं वेगळं काय आलं तेवढंच.

आता एका गटाजवळ जाऊ. १ क्रमांकाच्या मुलाने कार्ड वाचलं. २ क्रमांकाच्या मुलाने माती आणली. चिकणमाती शेतातून आणलेली, वाळलेली, तिची ढेकळं जशीच्या तशी बाटलीत गेली. पाणी ओतलं आणि ते चिकणमातीतून भराभरा खाली उतरलं. ४ क्रमांकाचा मुलगा सादरकर्ता आहे, अभ्यासातही पुढे आहे. चिकणमाती पाणी धरून ठेवते हे त्याला पुस्तकातून ठाऊक आहे. तो म्हणतो, “पाणी सांडलं असणार. आपण पुस्तकातलंच लिहू.”

३ क्रमांकाची मुलगी एरवी वर्गात फारसं बोलत नाही. पण आज घड्याळ तिच्याकडे आहे आणि पाणी ओतल्यापासून ती बाटल्यांकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघते आहे. ती म्हणते, “सांडलं नाही. अर्ध्या मिनिटात खाली आलं. मी बघत होते.” मग साहित्यप्रमुख बाटली उचलून उजेडात धरतो. ढेकळांच्या मधल्या फटी ओल्या झालेल्या दिसतात, ढेकळं आतून कोरडीच आहेत. पाणी मातीतून गेलेलंच नाही, फटींतून गेलं आहे. ज्यांनी काळ्या रानातल्या उन्हाळ्यातल्या भेगा पाहिल्या आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

इथे शिक्षिकेचं काम नाजूक आहे. तिने लगेच उत्तर सांगितलं, तर गटातलं बोलणं तिथेच थांबेल. ती गटासमोर एवढंच म्हणते: “हिने वेळ नोंदवली म्हणून तुम्हाला कळलं की पाणी फार लवकर उतरलं. आता ते का उतरलं याचं कारण तुमच्या गटाने शोधायचं.” कोहेन यांच्या पद्धतीत या कृतीला फार महत्त्व आहे. कमी बोलणाऱ्या मुलाने खरोखर काही मोलाचं केलं, तर शिक्षकाने ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत आणि कामाशी जोडून सांगायचं. नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तर बाकीच्यांना काहीच कळत नाही. तिने नेमकं काय केलं आणि त्याने गटाचं काम कसं पुढे गेलं, हे ऐकू आलं तर पुढच्या वेळी गट तिच्याकडे वळतो. खोटी स्तुती मात्र मुलं क्षणात ओळखतात, त्यामुळे शिक्षकाला खरा क्षण येईपर्यंत डोळे उघडे ठेवून थांबावं लागतं.

दुसऱ्या उपक्रमात तोच प्रयोग ढेकळं कुटून, माती चाळून करायचा आहे. चकती एक घर फिरली आहे, म्हणून आता तीच मुलगी सादरकर्ती आहे आणि ४ क्रमांकाचा मुलगा वाचक. या वेळी चिकणमातीतून पाणी थेंब थेंब पडतं. आदल्या वेळी काय झालं, आज काय झालं आणि फरक कशामुळे पडला, हे तिला वर्गापुढे सांगायचं आहे. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते तिचं स्वतःचं आहे. तिसऱ्या उपक्रमात ओतलेल्या पाण्यातून उतरलेलं पाणी वजा करून कुठल्या मातीने किती धरलं ते काढायचं आणि चौथ्यात गावातली कुठली पिकं कुठल्या मातीत घेतात ते घरी विचारून मांडायचं. चारही उपक्रम एकाच धाग्यातले असल्याने काम बदललं तरी मूल विषयातून बाहेर पडत नाही.

काम कुठे अडतं?

पहिली अडचण वाचकाची. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. अशा वर्गात ‘आज तू वाचक’ म्हणणं एखाद्या मुलासाठी शिक्षा ठरू शकते. म्हणून त्याला वाचनातून कायमचं वगळलं, तर फेरीचा अर्थच जातो. यावर साधे उपाय आहेत. कार्ड आदल्या दिवशी घरी द्यावं, वाक्यं छोटी ठेवावीत, मांडणीचं चित्र काढावं आणि ‘वाचक अडला तर तो मदत मागेल, त्याने मागितल्याशिवाय कुणी शब्द तोंडातून काढून घ्यायचा नाही’ हा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा.

दुसरी अडचण सादरकर्त्याची. बऱ्याचदा तो गटाला न विचारता स्वतःचंच मत सांगतो किंवा ‘आम्ही पाणी ओतलं, मग मोजलं’ एवढ्यावर थांबतो. कार्डाच्या शेवटी तीन प्रश्न लिहिले तर त्याला वाट सापडते: काय दिसलं, ते तसं का झालं असेल, आणि कशावर आपलं एकमत झालं नाही. सादरीकरणानंतर शिक्षकांनी गटातल्या दुसऱ्याच कुणाला तरी एक प्रश्न विचारावा. असा प्रश्न येणार हे ठाऊक असलं की बाकीचे तिघे चर्चेच्या वेळी खिडकीबाहेर बघत बसत नाहीत.

गैरहजेरीचीही सोय लागते. एखादा आला नाही, तर त्या दिवशी वाचक आणि साहित्यप्रमुख ही कामं एकाकडे द्यावीत आणि तक्त्यावर गैरहजर मुलाच्या नावापुढची जागा कोरी ठेवावी. तक्त्यावर मुलांची नावं उभी, कामं आडवी आणि झालेल्या कामाला खूण असेल, तर कुणाचं काय राहिलं ते महिनाअखेर दिसतं. वर्गात तेहेतीस मुलं असतील तर एक गट पाचांचा होतो. तिथे पाचवं काम म्हणून फळ्यावर आकडे भरण्याचं काम देता येतं, पण त्या गटाची फेरी पुरी व्हायला पाचवा उपक्रमही लागतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र कामं यांत्रिक होण्याचा आहे. ‘मी टाइमकीपर आहे, मी का विचार करू?’ असं एखाद्या मुलाने म्हटलं, की समजावं, काम नावापुरतं उरलं आहे. अमेरिकेत हार्वी डॅनियल्स यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकातून मुलांची वाचनमंडळं लोकप्रिय केली. त्यांत प्रत्येक मुलाच्या कामासाठी छापील पत्रिका होत्या. पुढे अनेक वर्गांत मुलं पुस्तकाबद्दल बोलायचं सोडून पाळीपाळीने पत्रिकाच वाचून दाखवू लागली. तेव्हा खुद्द डॅनियल्स यांनीच २००२ च्या सुधारित आवृत्तीत सांगितलं की पत्रिका ही सुरुवातीची तात्पुरती सोय आहे, ती लवकर बाजूला ठेवायला हवी.

उपक्रमच एका उत्तराचा असेल, तर फेरीने काही साधत नाही. दहा बेरजांच्या कार्यपत्रिकेला चार जण लागत नाहीत. एक जण ती सोडवतो आणि बाकीचे कामाचं नाटक करतात. एकट्याला पुरं करता येणार नाही, ज्यात हात, डोळे, आकडे आणि बोलणं सगळं लागतं, असा उपक्रम असेल तरच चार कामांना अर्थ येतो.

कामं फिरवून खरोखर फरक पडला का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. शिक्षकाने एका गटाजवळ दोन मिनिटं गप्प उभं राहावं. चार नावं लिहून, जो कामाविषयी बोलेल त्याच्यापुढे एक रेघ मारावी. पहिल्या उपक्रमात एकापुढे नऊ रेघा आणि दुसऱ्यापुढे एकही नाही, असं दिसू शकतं. चौथ्या उपक्रमात त्याच गटाजवळ पुन्हा दोन मिनिटं उभं राहावं. रेघा अजूनही एकाच नावापुढे गोळा होत असतील, तर कामं फिरली पण पत जागची हलली नाही, असं समजावं. अशा वेळी उपक्रम बदलावा, गट नव्याने करावेत, आणि ज्या नावापुढे रेघ नाही त्या मुलाला कशात गती आहे ते शोधून पुढचं कार्ड त्या अंगाने लिहावं.